फसलेला प्रयोग फेलोशिपच्या निबंधात लिहिताना: संत्र्याची साल, तुरटी आणि फ्लोराइड

प्रश्न: मी नागपुरातून पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. केले. संत्र्याच्या सालीवर तुरटीची प्रक्रिया करून बोअरवेलच्या पाण्यातले फ्लोराइड काढण्याचा प्रकल्प होता. प्रयोगशाळेत तयार केलेल्या पाण्यात ते ५ मिलिग्रॅमवरून १ च्या खाली आले, पण गावातून आणलेल्या पाण्यात जवळजवळ काहीच उतरले नाही. नंतर मला पहिल्या आकड्यांबद्दलच शंका यायला लागली. आता संशोधन फेलोशिपसाठी ८०० शब्दांचा निबंध द्यायचा आहे. हे अपयश लिहावे का? लिहिले तर अर्जाचे नुकसान होणार नाही असे कसे लिहू?

उत्तर:

लिहावे, परंतु नेमके काय फसले हे तुम्हाला आधी स्वतःपुरते ठरवावे लागेल, कारण तुमच्या प्रश्नात दोन निराळी अपयशे एका दमात आली आहेत. गावच्या पाण्यात फ्लोराइड उतरले नाही, हे एक. ज्या आकड्यांच्या भरवशावर तुम्ही गावचे पाणी आणायला गेलात ते आकडेच कदाचित खरे नव्हते, हे दुसरे. बहुतेक अर्जदार यांतले पहिले लिहितात, कारण त्याचा दोष पाण्यावर टाकता येतो, आणि दुसऱ्याबद्दल गप्प बसतात. मी नागपुरात पर्यावरण रसायनशास्त्र शिकवतो, पाणी तपासणीचे काम करतो आणि निवड समित्यांवर बसून असे निबंध वाचत आलो आहे. माझ्या मते तुमच्या निबंधाचा खरा विषय दुसरे अपयश हाच आहे.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगतो. अर्जात ‘तुम्हाला आलेले अपयश’ असा थेट प्रश्न असेल तर या प्रसंगाला निम्मा निबंध देता येईल. केवळ ‘संशोधनाची पार्श्वभूमी आणि पुढील योजना’ असे विचारले असेल तर त्याला तिसऱ्या हिश्श्याहून अधिक जागा देऊ नये. ते आकडे प्रबंधात किंवा एखाद्या पोस्टरमध्ये आधीच गेले आहेत की नाहीत, यावरून निबंधातली वाक्ये बदलतील. तिसरी बाब अशी की प्रक्रिया केलेल्या सालीचा काही साठा तुमच्याकडे अजून शिल्लक आहे का? असेल तर निबंध लिहायला बसण्याआधी प्रयोगशाळेत एक छोटे काम उरकता येईल, आणि त्याचा उपयोग शब्दांच्या कोणत्याही सफाईपेक्षा जास्त होईल.

तुम्ही फ्लोराइड कोणत्या पद्धतीने मोजले हे लिहिलेले नाही. आपल्याकडच्या महाविद्यालयांत बहुधा स्पॅड्न्स पद्धत वापरली जाते, म्हणून तीच धरून चालतो. या पद्धतीत झिर्कोनियम आणि स्पॅड्न्स रंगद्रव्य यांचे लाल संयुग असते. पाण्यातले फ्लोराइड त्यातले झिर्कोनियम ओढून घेते आणि लाल रंग फिका पडतो. ५७० नॅनोमीटरवर रंग जितका फिका दिसेल तितके फ्लोराइड अधिक. म्हणजे उपकरण फ्लोराइड थेट पाहत नाही, रंग किती उडाला एवढेच पाहते. आता पाण्यात अ‍ॅल्युमिनियम असेल तर ते फ्लोराइडला स्वतःशी घट्ट बांधून ठेवते. बांधलेले फ्लोराइड झिर्कोनियमपर्यंत पोचत नाही, नळीतला रंग लालच राहतो आणि उपकरण फ्लोराइड कमी असल्याचे सांगते. १ मिलिग्रॅम फ्लोराइड असलेल्या पाण्यात लिटरमागे ०.१ मिलिग्रॅम इतके थोडे अ‍ॅल्युमिनियम असले, तरी लगेच घेतलेल्या वाचनात साधारण तेवढीच चूक येऊ शकते. तुमच्या सालीवर प्रक्रिया तुरटीची आहे, आणि तुरटी म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचे सल्फेट. साल नीट धुतली गेली नसेल, किंवा पाणी आम्लधर्मी झाल्यामुळे अ‍ॅल्युमिनियम सुटत असेल, तर फ्लोराइड पाण्यातच राहून तपासणीत मात्र नाहीसे झालेले दिसेल. सालीतून उतरणारा पिवळसर रंग आणि बारीक गढूळपणा यांमुळेही वाचन त्याच दिशेने, म्हणजे तुमच्या सोयीच्या दिशेने, सरकू शकते.

हे तुमच्याकडे घडले असेलच असे मी म्हणत नाही. मात्र घडले की नाही हे ठरवणे अवघड नाही. प्रयोगात वापरली तेवढीच साल फ्लोराइड नसलेल्या डिस्टिल्ड पाण्यात घ्या, तेवढाच वेळ हलवा आणि गाळून घ्या. त्या गाळलेल्या पाण्यात प्रमाण द्रावणातून इतके फ्लोराइड घाला की ते लिटरमागे बरोबर १ मिलिग्रॅम होईल, आणि नेहमीप्रमाणे तपासा. साल या वेळी पाण्यात नाही, म्हणजे फ्लोराइड धरून ठेवणारे काही उरलेले नाही. वाचन १ च्या आसपास यायलाच हवे. ते ०.६ आले, तर ०.४ मिलिग्रॅम फ्लोराइड पाण्यातच आहे, फक्त तपासणीला दिसत नाही. मग तीच नळी दोन तासांनी पुन्हा वाचा, आणि प्रमाण द्रावणांच्या नळ्याही त्याच वेळी पुन्हा वाचा, म्हणजे तुलना बरोबरीची होईल. स्पॅड्न्समध्ये अ‍ॅल्युमिनियमचा अडथळा वेळेनुसार कमी होत जातो. त्यामुळे प्रमाण नळ्या जागच्या जागी आणि तुमची नळी मात्र ०.६ वरून वर चढलेली दिसली, तर संशय अ‍ॅल्युमिनियमवर जातो. रंग किंवा गढूळपणा हे कारण असते तर वाचन असे वेळेबरोबर चढले नसते. शेवटी तोच नमुना आधी ऊर्ध्वपातन करून, किंवा टिसॅब हे बफर द्रावण मिसळून फ्लोराइड इलेक्ट्रोडने, कुठल्याही चांगल्या पाणी तपासणी प्रयोगशाळेतून मोजून घ्या. ऊर्ध्वपातनात अ‍ॅल्युमिनियम मागे राहते, आणि टिसॅबमधला सीडीटीए हा घटक अ‍ॅल्युमिनियमला स्वतःकडे घेऊन फ्लोराइड मोकळे करतो. त्याच नमुन्यातले अ‍ॅल्युमिनियमही मोजून मागा. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या भारतीय मानकात अ‍ॅल्युमिनियमची स्वीकार्य मर्यादा लिटरमागे ०.०३ मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ०.२ पर्यंत सूट आहे. तुमचा आकडा त्यापलीकडे गेला तर फ्लोराइड उतरले असते तरी ते पाणी पिण्यायोग्य ठरले नसते. अनेक अर्जदारांना आपल्या पदार्थाची ही बाजू मुलाखतीत प्रथमच ऐकायला मिळते.

गावच्या पाण्यात काय झाले असावे, त्याकडेही याच दृष्टीने पाहा. ज्या भूजलात फ्लोराइड जास्त असते त्यात पुष्कळदा बायकार्बोनेट भरपूर, कॅल्शियम कमी आणि पीएच आठच्या आसपास असतो. हा योगायोग नव्हे. कॅल्शियम कमी असल्यामुळेच फ्लोराइड पाण्यात विरघळलेले राहू शकते. डिस्टिल्ड पाण्यात तुरटीची प्रक्रिया केलेली साल टाकली की पीएच चटकन खाली येतो, आणि अ‍ॅल्युमिनियमयुक्त पृष्ठभाग फ्लोराइड चांगले धरतो तो सौम्य आम्लधर्मी पाण्यातच. गावच्या पाण्यातले बायकार्बोनेट ती आम्लता पचवून टाकते, पीएच हलत नाही, आणि पृष्ठभागावरच्या जागांसाठी हायड्रॉक्साइड व बायकार्बोनेट यांची फ्लोराइडशी स्पर्धा सुरू होते. शिवाय अशा पाण्यात सुटलेले बरेचसे अ‍ॅल्युमिनियम गाळ होऊन खाली बसते आणि गाळणीवर अडकते, म्हणजे तपासणीतला अडथळाही कमी होतो. याचा अर्थ असा निघू शकतो की तुम्ही ज्याला अपयश म्हणता तो गावच्या पाण्याचा आकडाच तुमच्या वहीतला सर्वांत विश्वासार्ह आकडा आहे. हे ताडून पाहायचे असेल तर फ्लोराइडयुक्त डिस्टिल्ड पाण्यात, गावच्या पाण्याइतकी अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल पचवण्याची क्षमता, येईल एवढाच खाण्याचा सोडा घालून तोच प्रयोग पुन्हा करा आणि सुरुवातीचा व शेवटचा पीएच लिहून ठेवा. घट नाहीशी झाली, तर कारण हाती आले. प्रयोग करायला वेळच नसेल तर निबंधात हा खुलासा ‘माझा अंदाज’ म्हणून द्यावा आणि तो कसा तपासणार ते एका वाक्यात सांगावे. अंदाजाला निष्कर्षाचे कपडे घालू नयेत. समितीत एक तरी रसायनशास्त्रज्ञ बसलेला असतो.

आता लेखनाकडे वळू. असे निबंध मी वाचतो तेव्हा बहुतेकांत पुढीलसारखे वाक्य असते: ‘माझा पहिला प्रयत्न अपेक्षेप्रमाणे यशस्वी झाला नाही, परंतु या अनुभवातून मी चिकाटी, संयम आणि काटेकोर नियोजनाचे महत्त्व शिकले.’ या वाक्यात खोटे काही नाही, पण संत्र्याची साल काढून तिथे कापसाची बोंडअळी घातली तरी ते तसेच्या तसे चालेल. वाचणाऱ्याला तुमच्याबद्दल काहीही कळत नाही. त्याच्या जागी, वरची तपासणी करून झाल्यावर, साधारण असे लिहिता येईल:

‘ऊर्ध्वपातित पाण्यात माझ्या पदार्थाने फ्लोराइड ५ वरून १ मिलिग्रॅमच्या खाली आणल्याचे मी प्रबंधात नोंदवले होते. बोअरवेलच्या पाण्यात तोच पदार्थ वापरला तेव्हा घट जवळजवळ दिसली नाही. कारण शोधताना मी तो पदार्थ फ्लोराइड नसलेल्या पाण्यात हलवून गाळला आणि त्या पाण्यात मोजून फ्लोराइड घातले. तपासणीत ते पूर्ण परत मिळाले नाही. पदार्थातून सुटलेले अ‍ॅल्युमिनियम फ्लोराइडला तपासणीपासून झाकून ठेवत होते. त्यामुळे प्रबंधातल्या घटीचा किती भाग खरा होता हे मी आज सांगू शकत नाही.’

या परिच्छेदात ‘अपयश’ हा शब्द नाही, क्षमायाचना नाही आणि स्वतःचे कौतुकही नाही. काय दिसले, त्यावर कशामुळे शंका आली, शंका कोणत्या कृतीने तपासली आणि आता कोणते विधान टिकत नाही, हे क्रमाने आले आहे. शेवटचे वाक्य अर्जदारांना सर्वांत धोक्याचे वाटते आणि पहिल्या कच्च्या मसुद्यानंतर ते हमखास खोडले जाते. मी ते खोडू देत नाही. आपले कोणते विधान कुठवर टिकते हे ज्याला नेमके सांगता येते, त्याच्या बाकीच्या विधानांवर समिती विश्वास ठेवू लागते. आणि ते वाक्य नसेल तर वाचणारा स्वतः ती शंका काढतो, तीही तुम्ही समोर नसताना. मात्र हे वाक्य एकदाच लिहावे. तीनदा लिहिले की तो कबुलीजबाब होतो आणि निबंध तिथेच अडकून पडतो.

दोष कोणावर टाकावा, याबद्दल थोडे. उपकरण जुने होते, प्रयोगशाळेत इलेक्ट्रोड नव्हता, मार्गदर्शकांनी वेळ दिला नाही. हे सारे खरे असले तरी निबंधात आणू नये. साधनांची मर्यादा सांगायचीच असेल तर ती पद्धतीचा भाग म्हणून सांगावी: ‘आमच्याकडे स्पॅड्न्स पद्धत उपलब्ध होती, तिच्यात अ‍ॅल्युमिनियमचा अडथळा येतो.’ एवढ्याने वाचणाऱ्याला सर्व कळते.

शिफारसपत्राची बाब मात्र गंभीर आहे, आणि तिच्यामुळे चांगले अर्ज अडचणीत आलेले मी पाहिले आहेत. तुमच्या मार्गदर्शकांना ही शंका माहीत नसेल तर ते पत्रात त्यांच्या समजुतीप्रमाणे ‘फ्लोराइड निर्मूलनात उत्कृष्ट यश मिळवले’ असे लिहितील. एकाच पाकिटात तुमचा निबंध म्हणेल की आकडा टिकत नाही आणि त्यांचे पत्र म्हणेल की आकडा उत्कृष्ट आहे. समितीला मग दोघांपैकी एकावर अविश्वास दाखवावा लागतो. म्हणून निबंध पाठवण्याआधी, शक्य असेल तर तपासणीचे कागद सोबत घेऊन, सरांना किंवा मॅडमना भेटा. ‘सर, गाळलेल्या पाण्यात घातलेले फ्लोराइड पूर्ण परत मिळत नाही, हे वाचन एकदा बघता का?’ अशी सुरुवात पुरेशी आहे. ‘आपला प्रबंध चुकला’ असे म्हणायची गरज नाही. प्रबंध विद्यापीठात दाखल झालेला असेल तर दुरुस्तीचे काय करायचे हे त्यांनीच ठरवायचे आहे, आणि शोधनिबंध पाठवायच्या वाटेवर असेल तर तो थांबवणे दोघांच्याही हिताचे आहे. ते नाराज होण्याची शक्यता अर्थातच आहे. तरीही अर्ज गेल्यानंतर त्यांना हे निबंधातून कळण्यापेक्षा आत्ता तुमच्याकडून कळलेले बरे.

पुढच्या प्रकल्पाचा भाग निबंधात सर्वांत कच्चा राहतो, असा माझा अनुभव आहे. अपयशाचा प्रामाणिक परिच्छेद लिहून झाला की अर्जदार सुटकेचा श्वास सोडतो आणि पुढे लिहितो की आता मी केळीच्या सालीवर, किंवा लँथॅनमसारख्या अधिक प्रभावी धातूची प्रक्रिया करून, हेच काम करणार आहे. मग प्रयोगातून शिकले काय? तुमच्या अनुभवातून निघणारा प्रश्न नव्या सालीचा नाही, मोजणीचा आहे. ज्या पाण्यात तुरटी पडली आहे त्या पाण्यातले फ्लोराइड रंगावर चालणाऱ्या तपासणीत खरे दिसते का, हा तो प्रश्न.

आपल्या भागात हा प्रश्न कोरडा राहत नाही. तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड खाली बसवण्याची नालगोंडा पद्धत नागपूरच्याच नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेत १९७० च्या दशकात विकसित झाली. चंद्रपूर आणि यवतमाळ जिल्ह्यांतल्या फ्लोराइडच्या गावांची नावे तुम्हाला प्रकल्पामुळे ठाऊक असतील. जलजीवन मिशनखाली गावातल्या महिलांना पाणी तपासणीचे फील्ड किट वापरायला शिकवले जाते, आणि फ्लोराइडची अनेक किटे झिर्कोनियम आणि रंगद्रव्य याच तत्त्वावर चालतात. तेव्हा तुमचा प्रस्ताव असा मांडता येईल: प्रत्यक्ष बोअरवेलच्या पाण्यावर तुरटी-चुन्याची प्रक्रिया करायची, प्रत्येक नमुना फील्ड किट, स्पॅड्न्स आणि टिसॅबसह इलेक्ट्रोड अशा तिन्ही मार्गांनी तपासायचा, सोबत उरलेले अ‍ॅल्युमिनियम आणि पीएच मोजायचा, आणि किती अ‍ॅल्युमिनियमपासून पुढे किट फ्लोराइड फसवे कमी दाखवू लागते हे ठरवायचे. उत्तर ‘अडथळा नगण्य आहे’ असे आले तरी ते उपयोगी आहे, कारण मग त्या महिलांच्या नोंदी निर्धास्तपणे वापरता येतात. दोन्ही बाजूंनी उत्तर उपयोगी ठरेल असा प्रश्न समितीला आवडतो, आणि तो तुम्हाला का सुचला हे तुमच्या पहिल्या परिच्छेदाने आधीच सांगितलेले असते.

प्रस्तावाची मर्यादाही लिहावी. असा अभ्यास फ्लोराइड काढण्याची नवी पद्धत देणार नाही, आणि एका प्रकारच्या किटवरून दुसऱ्याबद्दल बोलता येणार नाही. शिवाय चांगल्या नालगोंडा प्रक्रियेत पीएच उदासीन राहिला तर उरलेले अ‍ॅल्युमिनियम कमीच असेल. म्हणून तुरटी-चुन्याचे प्रमाण मुद्दाम थोडे चुकवलेले नमुनेही घ्यावे लागतील, कारण गावात मोजमाप चमच्याने होते. हे वाक्य निबंधात ठेवाच. त्यावरून काम प्रत्यक्ष कुठे होते याची तुम्हाला कल्पना आहे हे दिसते.

८०० शब्दांत हे बसवताना पार्श्वभूमी आटोपशीर ठेवा. फ्लोराइडमुळे दात आणि हाडे कशी बिघडतात यावर दीडशे शब्द घालवू नका. समितीला ते माहीत आहे. स्पॅड्न्स कशी चालते हे दोन वाक्यांत सांगा, अडथळा कसा पकडला याला मोकळी जागा द्या, आणि उरलेला जवळपास निम्मा निबंध पुढच्या कामाला ठेवा. मुलाखतीत पहिला प्रश्न बहुधा ‘तुमचा ब्लँक काय होता?’ असा येतो. ब्लँकमध्ये, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेल्या फ्लोराइड नसलेल्या नमुन्यात, साल होती की नुसते पाणी, हे त्या क्षणी आठवावे लागू नये, म्हणून मूळ वही सोबत ठेवा.

शेवटी एक शक्यता उरते. गाळलेल्या पाण्यात घातलेले फ्लोराइड पूर्ण परत मिळाले, दोन तासांनीही वाचन हलले नाही आणि अ‍ॅल्युमिनियमही मर्यादेत निघाले, तर तुमची शंका अनाठायी होती आणि डिस्टिल्ड पाण्यातला आकडा उभा राहतो. मग निबंधातून मोजणीचा भाग काढून टाका, वर दिलेला नमुना परिच्छेद वापरू नका आणि खाण्याच्या सोड्याचा प्रयोग मध्यभागी आणा. अशा वेळी पुढचा प्रकल्प किटांचा राहणार नाही; जास्त अल्कलिनिटीच्या पाण्यात अ‍ॅल्युमिनियमयुक्त पदार्थ कुठल्या पीएचपर्यंत आणि किती बायकार्बोनेटपर्यंत काम करतात, याचा तो होईल. तुमची तपासणी झाली की वाचने इथेच कळवा. कोणता निबंध लिहायचा ते त्यावरून ठरवता येईल.